रडवणाऱ्या प्रेमकथांचा कंटाळा आलाय? सौम्य, गोड शेवटाच्या कादंबऱ्यांबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये पुस्तकांच्या अदलाबदलीचं एक कपाट आहे. गेली काही वर्षं ते मी सांभाळते. सगळ्यात जास्त वेळा मागणी येते ती एकाच वाक्यात: "प्रेमाचं काहीतरी दे, पण रडवणारं नको." ऐकायला सोपी मागणी आहे. प्रत्यक्षात माझे अंदाज कितीतरी वेळा चुकले, आणि चुकता चुकता जे कळलं ते खाली लिहिलंय. शेवट आधी कळलेला ज्यांना चालत नाही त्यांनी जपून वाचावं. शेवट गोड आहे हे सांगायचं तर शेवटाबद्दल बोलावंच लागतं.

प्रेमकथा म्हटलं की शेवट गोडच असतो ना?

नाही, आणि बहुतेकांची फसगत इथेच होते. आपण मराठीत दोन वेगळ्या गोष्टींना एकच शब्द वापरतो. इंग्रजी प्रकाशनात 'रोमान्स' हा एक ठरलेला प्रकार आहे. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेने त्याच्या दोनच अटी सांगितल्या: कथेच्या मध्यभागी प्रेमकहाणी हवी, आणि शेवट मनाला समाधान देणारा, आशा ठेवणारा हवा. दुसरी अट मोडली तर ते पुस्तक उत्तम असेल, पण रोमान्स नसेल. 'लव्ह स्टोरी' या शब्दाला अशी कुठलीच अट नाही. तिथे नायक शेवटच्या पानावर खुशाल मरू शकतो.

म्हणून दुकानात 'लव्ह स्टोरी' मागितली की 'मी बिफोर यू' हाती पडू शकते. २०१२ची ही कादंबरी अर्धीअधिक हसवते, आणि तिचा नायक शेवटी स्वतःहून मरण पत्करतो. हे पुस्तक मीच एकीला "छान हलकंफुलकं आहे" म्हणून दिलं होतं. अर्ध्यापर्यंतच वाचून मत दिलं, ही माझी चूक. पुढचे पंधरा दिवस ती माझ्याशी लिफ्टमध्येही नीट बोलली नाही.

'सौम्य' म्हणजे नेमकं काय? चुंबनापलीकडे काही नसलेलं?

हा दुसरा गोंधळ. शरीरसंबंधांचं वर्णन किती आहे, ही एक मोजपट्टी झाली. वाचताना जीव किती टांगणीला लागतो, ही दुसरी. या दोन्हींचा एकमेकींशी काही संबंध नाही. ज्यात खोलीचं दार वाचकाच्या तोंडावर बंद होतं अशा पुस्तकातही चारशे पानं छळ असू शकतो. उलट, शृंगार मोकळेपणाने लिहिलेलं पण मायेने भरलेलं पुस्तकही असतं.

तुम्हाला यातलं काय नको आहे ते आधी ठरवा. नेटवर शोधताना शब्दही वेगळे टाकावे लागतात: शृंगाराचं वर्णन नको असेल तर `closed door romance`, मनस्ताप नको असेल तर `low angst romance`. दोन्ही नको असेल तर दोन्ही एकत्र. नुसतं `clean romance` टाकलंत तर पहिल्याच अर्थाची यादी येईल आणि तुमचा खरा प्रश्न तसाच राहील.

शेवट गोड असूनही मधली दोनशे पानं रडवतात. हे आधी कसं ओळखायचं?

मी एकच गोष्ट बघते: दुःख कुठे ठेवलंय. काही कादंबऱ्यांत मोठा घाव कथा सुरू होण्याआधीच बसलेला असतो. पहिल्या पानावर आपण येतो तेव्हा जखमेवर खपली धरलेली असते, आणि पुढे आपण फक्त बरं होणं बघतो. दुसऱ्या प्रकारात घाव आपल्या डोळ्यांदेखत घातला जातो, आणि शेवटच्या वीस पानांत घाईघाईने मलमपट्टी होते. दोन्हींचा शेवट गोडच. पण दमलेल्या माणसाला पहिली पचते, दुसरी पचत नाही.

त्यानंतर बघायचं की अडथळा कुणी आणलाय. खलनायक, अपहरण, खोटे आरोप, लपवलेलं मूल असं काही असेल तर श्वास रोखूनच वाचावं लागणार. अडथळा संकोचाचा, गैरसमजाचा, पैशांचा किंवा एखाद्या हट्टी काकांचा असेल तर झोपण्यापूर्वी वाचायला हरकत नाही.

एकच पुस्तक सुचवा. सुरुवात कशाने करू?

जेन ऑस्टिनच्या 'पर्स्वेजन'ने. तिची सगळ्यात प्रसिद्ध कादंबरी वेगळी आहे, ती तुम्ही वाचली किंवा पडद्यावर पाहिली असेल. पण थकलेल्या वाचकाला मी ही देते.

वर सांगितलेला पहिला प्रकार तो हाच. ॲन इलियट सत्तावीस वर्षांची आहे. एकोणिसाव्या वर्षी तिचं फ्रेडरिक वेंटवर्थ या नौदल अधिकाऱ्यावर प्रेम बसलं होतं, लग्नही ठरलं होतं. मुलाकडे पैसा नाही, घराणं नाही, म्हणून आईच्या जागी असलेल्या एका बाईंनी समजूत घातली आणि ॲनने नकार दिला. हे सगळं होऊन आठ वर्षं लोटली आहेत. इकडे ॲनचे वडील कर्जात बुडाल्यामुळे राहतं घर भाड्याने देतात, आणि भाडेकरू निघतात ते नेमके वेंटवर्थची बहीण आणि मेव्हणे. तो आता कॅप्टन झालाय, लढाईत पैसा कमावून आलाय, आणि ॲनवरचा राग त्याच्या मनातून गेलेला नाही.

पुढे फारसं काही 'घडत' नाही, आणि तीच या पुस्तकाची खरी मजा आहे. एका प्रसंगात ॲन आजारी भाच्यापाशी गुडघे टेकून बसली आहे, आणि दुसरा दोन वर्षांचा भाचा तिच्या पाठीवर चढून गळ्याला लोंबकळतोय. ती सोड म्हणते, ओरडते, पोरगं सोडत नाही. अचानक तिला जाणवतं की कुणीतरी त्याला उचलून बाजूला केलंय. वळून बघायच्या आत कळतं, तो वेंटवर्थ आहे. तो एक शब्द बोलत नाही, लगेच त्या पोराशी मोठ्याने खेळायला लागतो, म्हणजे तिला आभार मानायलाही जागा उरू नये. पुढे एका लांबच्या फिरण्यात ती दमलेली त्याच्या लक्षात येते, आणि तो तिला न विचारता बहिणीच्या घोडागाडीत बसवून देतो. बस, इतकंच. राग आहे, तरी हात आपोआप पुढे होतो. आपल्याकडे भांडलेला नवरा न बोलता बायकोच्या डब्यात लोणच्याची फोड ठेवतो, त्याच जातीचं हे आहे.

शेवटाबद्दल मुद्दाम सांगते, कारण तो ऑस्टिनने दोनदा लिहिला. जुलै १८१६मध्ये तिने कादंबरी पूर्ण केली. त्या पहिल्या शेवटात वेंटवर्थचे मेव्हणे त्याला एक निरोप घेऊन ॲनकडे पाठवतात: तुम्ही या घराच्या वारसाशी लग्न करणार असाल तर आम्ही घर सोडू, खरं काय ते सांगा. ती म्हणते, तसं काही नाही, आणि दोघांचं जुळतं. गोड शेवट होता, चुकीचं काहीच नव्हतं. पण तिला तो फिका वाटला. ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत तिने ते प्रकरण काढून टाकून दोन नवी लिहिली. आता बाथमधल्या एका हॉटेलच्या खोलीत ॲन दुसऱ्या एका कॅप्टनशी बोलतेय: जास्त काळ प्रेम कोण धरून ठेवतं, पुरुष की बाई? वेंटवर्थ त्याच खोलीत पत्र लिहीत बसलाय. त्याच्या हातून लेखणी पडते, म्हणजे तो ऐकतोय. मग तो तिथल्या तिथे दुसरं पत्र लिहितो, तिच्यापुढे ठेवतो आणि निघून जातो. पहिल्या शेवटात निरोप तिसऱ्या माणसाचा होता. दुसऱ्यात ॲन स्वतः बोलते आणि तो स्वतः लिहितो. ज्याला आपण 'ऊबदार' म्हणतो तो शेवट आणि नुसता 'सुखान्त', यांतला फरक या बदलात स्पष्ट दिसतो. त्या पहिल्या शेवटाचं हस्तलिखित ब्रिटिश लायब्ररीत जपलेलं आहे.

काय खटकेल तेही सांगते. पहिली तीन-चार प्रकरणं वडिलांच्या बढाईची आहेत, ती रेंगाळतात. मध्यावर समुद्रकाठच्या पायऱ्यांवरून एक मुलगी पडते आणि थोडी घबराट होते. ती वाचते, बरी होते, काळजी नको. ऑस्टिन जुलै १८१७मध्ये गेली आणि पुस्तक त्याच वर्षीच्या डिसेंबरात, तिच्या माघारी आलं. हे एवढंच दुःख, आणि ते पुस्तकाच्या बाहेरचं.

मला हसायचंय. उसासे नकोत.

मग जॉर्जेट हेयरची 'कोटिलियन', १९५३ची. कंजूष म्हातारा त्याने सांभाळलेल्या मुलीला सांगतो की माझ्या भावंडांच्या नातवांपैकी कुणाशी लग्न केलंस तरच माझा पैसा तुला मिळेल. ती मुलगी, किटी, त्यांतल्या एका सरळमार्गी मुलाला, फ्रेडीला, खोट्या साखरपुड्यासाठी पटवते, म्हणजे महिनाभर तरी लंडन बघता येईल. नेहमीच्या प्रेमकथेत नायक असतो तो देखणा, बेफिकीर, मुलींना नादी लावणारा. तसा एकजण इथेही आहे. पण लेखिका त्याला बाजूला सारते आणि कपड्यांत अक्कल, पुस्तकांत शून्य, पण वेळेला धावून येणाऱ्या फ्रेडीला नायक करते. किटीला तो ब्रिटिश म्युझियममध्ये नेतो आणि ग्रीक शिल्पं बघून हबकतो: यांना डोकीच नाहीत! हे बघायला लोक येतात?

अडचण आहे ती भाषेची. हेयर १९व्या शतकाच्या सुरुवातीची लंडनची बोली भरभरून वापरते. पहिली पन्नास पानं अर्धवट समजतील. अर्थ शोधत बसू नका, संदर्भावरून पुढे जा, कान आपोआप बसतो. आणि एक सावधगिरी: तिचीच १९५०ची 'द ग्रँड सोफी' जास्त नावाजलेली आहे, पण त्यात एका ज्यू सावकाराचं चित्रण फार ओंगळ आहे. मजेत वाचता वाचता एकदम कडू घास येतो.

'द ब्लू कासल' सगळे सुचवतात, पण त्यात नायिकेला जीवघेणा आजार आहे म्हणे. ते चालेल?

चालेल, पण कशात हात घालताय ते माहीत असू द्या. एल. एम. मॉन्टगोमेरीची ही १९२६ची कादंबरी कॅनडात घडते. व्हॅलन्सी एकोणतीस वर्षांची, अविवाहित, आई आणि नातेवाइकांच्या धाकात दबलेली. डॉक्टरांचं पत्र येतं की हृदयविकार आहे, वर्षभरच हातात आहे. त्या पत्रानंतर तिची भीती मरते. काका-काकूंच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाच्या जेवणात ती पहिल्यांदा मनातलं बोलून टाकते, आणि सगळे नातेवाईक ठरवतात की पोरीला वेड लागलं. घरच्या समारंभात लग्नाचा विषय ऐकून कंटाळलेल्या कुणालाही हे प्रकरण पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटेल.

नायिका मरत नाही. लेखिका ते कसं साधते ते मी सांगत नाही, पण विश्वास ठेवा. मात्र एक मृत्यू पुस्तकात आहे: व्हॅलन्सी ज्या क्षयरोगी मैत्रिणीची शुश्रूषा करायला जाते, ती जाते. तो भाग शांत आहे, पण आहे. घरात नुकतंच आजारपण होऊन गेलं असेल तर हे पुस्तक सहा महिने कपाटात राहू द्या. सुरुवातीची काही प्रकरणं घुसमटीचीही आहेत. ते पत्र आलं की खिडकी उघडते.

मराठीत काही नाही का?

मराठी वाचकाला गंभीर वाङ्मय म्हणजे शेवटी काहीतरी मोडलेलं, अशी सवय लागलीय. घरातल्या जुन्या कपाटात शैलजा राजे, कुसुम अभ्यंकर, योगिनी जोगळेकर अशी नावं सापडतील. वाचनालयांनी ती वर्षानुवर्षं फिरवली. त्यात सगळ्या चवीचं आहे, म्हणून शेवटचं प्रकरण चाळल्याशिवाय घरी आणू नका.

मी मात्र वेगळीच वाट सुचवते, आणि ती ऐकून लोक दचकतात: शरच्चंद्र चट्टोपाध्याय. मामा वरेरकरांनी त्यांचं पुष्कळ साहित्य मराठीत आणलं, आणि आपल्या दोन पिढ्या ते आपलंच समजून वाचत आल्या. शरद्बाबू म्हटलं की सगळ्यांना 'देवदास' आठवतो, आणि लोक पुढे जातच नाहीत. पण १९१८ची 'दत्ता' अगदी सुखाची कादंबरी आहे. श्रीमंत बापाची एकुलती मुलगी विजया गावी जमीनदारी सांभाळायला येते. तिचे पालक बनलेले रासबिहारी आपल्या मुलाशी तिचं लग्न लावून इस्टेट घरात आणायच्या खटपटीत असतात. मध्ये येतो नरेन, विलायतेहून डॉक्टर होऊन आलेला. वडिलांच्या कर्जापायी त्याचं घर विजयाकडेच गहाण पडलंय, आणि तरीही तो तिच्यावर चिडत नाही. तो स्वतःचा सूक्ष्मदर्शक विकायला काढतो, आणि तो घेते विजयाच. यंत्र कसं बघायचं हे शिकवताना तो जीव तोडून शास्त्र समजावतो, आणि तिचं लक्ष यंत्रात मुळीच नसतं. रासबिहारी गोड बोलून गळा आवळणारा आहे, त्याची चीड येते. पण तो हात उगारणारा खलनायक नाही. शेवटी लग्न हव्या त्याच माणसाशी लागतं, आणि नावाचा अर्थ तेव्हा कळतो.

'परिणीता'चाही शेवट मीलनाचा आहे. पण १९१४च्या त्या कथेत ललिता जेमतेम तेरा वर्षांची आहे. सिनेमे बघून गेलात तर हे टोचेल. म्हणून मी 'दत्ता' आधी देते.

मुखपृष्ठावरून काही कळतं का?

पूर्वी थोडंफार कळायचं. हल्ली गुलाबी-पिवळ्या रंगांची, कार्टूनसारखी चित्रं सगळ्यावरच असतात. 'इट एंड्स विथ अस'च्या मुखपृष्ठावर फुलं आहेत, आत नवऱ्याची मारहाण आहे. चित्र सोडा, मागचा मजकूर वाचा. "हृदय पिळवटून टाकणारी" किंवा "रुमाल जवळ ठेवा" असं कौतुक असेल तर ते पुस्तक तुमच्यासाठी नाही, हे प्रकाशकानेच सांगून टाकलेलं असतं.

विकत घेण्याआधी तपासायची खात्रीची रीत कोणती?

`thestorygraph.com` वर पुस्तकाचं नाव टाका. तिथे वाचकांनीच भरलेल्या सावधगिरीच्या सूचना असतात: मृत्यू, गर्भपात, हिंसा, आजारपण वगैरे. प्रत्येक गोष्ट ठसठशीत आहे, मध्यम आहे की ओझरती, अशा तीन पायऱ्याही दिलेल्या असतात. मी फक्त ठसठशीत गटाकडे बघते. ओझरत्या गटात इतकं काही नोंदवलेलं असतं की ते सगळं टाळायचं म्हटलं तर स्वयंपाकाचं पुस्तकच वाचावं लागेल.

दुसरी रीत वाचनालयातली: शेवटून दुसरं प्रकरण उघडा. शेवटचं नव्हे. शेवटच्या प्रकरणात लग्न, बाळ, बाग सगळं येतं आणि त्यावरून वाटेत काय झालं ते कळत नाही. शेवटून दुसऱ्यात नायक-नायिका एकमेकांशी नीट बोलत असतील तर पुस्तक घरी आणा. एकजण दवाखान्यात आणि दुसरा विमानतळावर असेल तर ठेवून द्या.

अगदी हलक्या पुस्तकातही पाऊण झाल्यावर दोघं भांडून वेगळी होतात. हे का?

हा आजकालच्या इंग्रजी रोमान्सचा साचा आहे. लेखनाच्या कार्यशाळांत तो जवळजवळ असाच शिकवला जातो: शेवटाची किंमत वाढवायची तर आधी सगळं मोडून दाखवा. साधारण पंचाहत्तर-ऐंशी टक्क्यांवर तो येतो, किंडलवर खाली आकडा दिसतोच. चांगल्या पुस्तकात भांडण त्या दोघांच्या स्वभावातून येतं. वाईट पुस्तकात ते एका न वाचलेल्या मेसेजवरून होतं. हे अजिबात नको असेल तर शोधताना `no third act breakup` असं टाका, वाचकांनी केलेल्या याद्या मिळतील. किंवा माझ्यासारखं करा, तेवढी वीस पानं उलटून पुढे जा. कुणी परीक्षा घेत नाही.

शेवट आधी वाचला तर मजा जात नाही?

रहस्यकथेत जाते. इथे दोघं एकत्र येणार हे पहिल्या पानापासून माहीतच असतं. कसे येणार, तेवढंच बघायचं असतं.

ही पुस्तकं मिळतील कुठे?

'पर्स्वेजन' हक्कमुक्त आहे. `gutenberg.org` वर `Persuasion` शोधा, फुकट उतरवून घेता येते, आणि फोनवर अक्षर मोठं करून वाचता येते. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो. शरच्चंद्र १९३८मध्ये गेले, मॉन्टगोमेरी १९४२मध्ये, म्हणजे आपल्याकडे दोघांचंही मूळ लेखन मोकळं आहे. अनुवादाचा हक्क मात्र अनुवादकाचा असतो, तो वेगळा मोजावा लागतो. वरेरकर १९६४मध्ये गेले, म्हणजे त्यांचे अनुवादही आता मोकळे आहेत. हेयर १९७४मध्ये गेली, त्यामुळे 'कोटिलियन' विकतच घ्यावी लागेल. नाहीतर रद्दीवाल्याकडे किंवा जुन्या पुस्तकांच्या दुकानात इंग्रजी पेपरबॅकच्या ढिगात हात घाला. माझी प्रत तिथेच मिळाली. मागचं पान फाटलेलं होतं, पण शेवट शाबूत होता.